मदत हवी आहे: फोटोतला एकच परिच्छेद हवाय, शेजारचाही येतोय

दुपारझोप: छापील पानाचा फोटो आहे. त्यातला मधला एक परिच्छेद हवाय, बस. गूगल लेन्समध्ये शब्दावर बोट दाबून धरलं आणि ठिपका खाली ओढला, की निवड भलतीकडेच उडी मारते. पेस्ट केल्यावर एक ओळ माझी, एक परक्याची. अर्धा तास गेला. लवकर सांगा कोणीतरी.

निळीशाई: फोन कुठला? परक्याची म्हणजे? पानावर दोन रकाने आहेत का?

दुपारझोप: अँड्रॉइड. मराठी पान. हो, दोन रकाने, सांगायचं राहिलं.

खडूफळा: एवढा वेळ इथे लिहिण्यात घालवलात, तेवढ्यात टाइप झाला असता.

सरळरेघ: ठिपका कितीही जपून ओढलात तरी उपयोग नाही. रकान्यांमधली फट अरुंद असली किंवा पान तिरकं असलं, की डावी-उजवी ओळ मिळून एकच धरली जाते. म्हणून फोटोची प्रत काढून ती आधी सरळ करा, मग क्रॉप करून शेजारचा रकाना पूर्ण बाहेर काढा. वर थोडी कोरी जागा सोडा. शिरोरेषेला घासून कापलंत तर वेलांट्या आणि रफार जातात, 'सर्व'चा 'सव' होतो. मग कापलेल्या चित्रावर लेन्स उघडून `Select all`.

टिपणवही: कशाला इतका खटाटोप? गूगल कीपमध्ये चित्र टाका, `Grab image text` दाबा, झालं.

निळीशाई: ते चित्रातला सगळाच मजकूर काढतं हो. क्रॉप तिथेही करावंच लागतं.

टिपणवही: मग नको असलेलं पुसायचं. मी असंच करते.

निळीशाई: आणि दोन रकान्यांच्या ओळी एकमेकींत गुंतल्या असतील तर? वेचत बसायचं?

जुनीवही: माझ्याकडे हस्ताक्षरातल्या वह्या आहेत, त्या कशा कराव्यात?

खडूफळा: वेगळा धागा काढा की.

दुपारझोप: क्रॉप केलं, फक्त माझाच परिच्छेद आला! पण 'दुसऱ्या'चं 'दुसया' झालंय, दोन-तीन अनुस्वार गायब, आणि प्रत्येक ओळ तुटून येतेय.

सरळरेघ: ओळी तुटणारच, छापील ओळ जिथे संपते तिथे लेन्सही ओळ तोडतं. त्या हाताने जोडा. अक्षरांचं म्हणाल तर, फोटो तुम्हीच काढलाय का?

दुपारझोप: नाही, मैत्रिणीने मेसेजवर पाठवलाय.

सरळरेघ: हे आधी सांगायचं ना! फोटो पाठवताना बहुतेक वेळा दाबून लहान होतो, आणि सगळ्यात आधी बारीक खुणा जातात: अनुस्वाराचा ठिपका, 'ऱ्या'तला अर्धा र. तिला मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. तरी ताडून बघाच, 'दुसया'सारखं निरर्थक दिसतं ते डोळ्यांत भरतं, पण 'दिन'चा 'दीन' झाला तर वाचताना सुटून जाईल.

टिपणवही: माझ्याकडे कधीच असं होत नाही.

दुपारझोप: मैत्रीण फोन उचलत नाहीये. शिवणीकडच्या दोन ओळी वाकड्या आल्यात, त्या मीच टाइप करते. खडूफळा, हसू नका.