सुषुप्ती म्हणजे नुसती ‘गाढ झोप’ का?

मुक्ता
मांडूक्य उपनिषदाचं सोप्या मराठीत टिपण करते आहे. जागृती आणि स्वप्न हे शब्द मराठीत रुळलेलेच आहेत, त्यामुळे तिथे अडचण आली नाही. ‘सुषुप्ती’ला मात्र ‘गाढ झोप’ लिहिलं आणि ते मलाच पटेना. दुसरी शंका अशी, की या झोपलेल्या अवस्थेतल्या जीवाला उपनिषद ‘प्राज्ञ’ म्हणतं. मराठीत प्राज्ञ म्हणजे विद्वान, सुज्ञ. ज्याला काहीच कळत नाही त्याला प्राज्ञ कसं म्हणायचं?

दिगंत
गाढ झोप बिनदिक्कत लिहा. मांडूक्याची व्याख्याच तशी आहे: झोपलेला जिथे कसलीही इच्छा करत नाही आणि कुठलंही स्वप्न पाहत नाही, ती सुषुप्ती. ‘प्राज्ञ’ची फोड काही जण ‘प्रायः अज्ञ’ अशीही करतात, म्हणजे तुमची शंका मिटलीच. आणि या अवस्थेत जीव ब्रह्माशी एक होतो. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला हेच सांगतो, की माणूस झोपतो तेव्हा तो ‘सत्’शी एकरूप झालेला असतो. म्हणजे सुषुप्ती आणि तुरीय, म्हणजे या तिन्हींपलीकडची चौथी अवस्था, यांत व्यवहारात फरक राहत नाही.

सुलभा
दिगंत, व्याख्या आणि छांदोग्याचा संदर्भ बरोबर आहे, पण शेवटचं वाक्य मान्य करता येणार नाही. गौडपादांनी मांडूक्यावरच्या आपल्या कारिकांच्या पहिल्याच प्रकरणात हा फरक स्पष्ट केला आहे. द्वैत न दिसणं हे प्राज्ञ आणि तुरीय दोघांतही सारखंच. पण प्राज्ञाजवळ निद्रारूपी बीज असतं, तुरीयात ते नसतं. बीज शिल्लक असतं म्हणूनच सकाळी तोच माणूस, त्याच इच्छा आणि तीच अर्धवट राहिलेली कामं घेऊन उठतो. झोपेत ब्रह्मप्राप्ती होऊन सगळं संपत असतं, तर कुणाला साधना करावीच लागली नसती.

छांदोग्याच्याच आठव्या अध्यायात इंद्राची गोष्ट आहे. प्रजापती त्याला सांगतो, की स्वप्नही न पाहणारा तो झोपलेला, तोच आत्मा. इंद्र समाधानाने निघतो आणि वाटेतूनच परत फिरतो. म्हणतो, याला तर ‘हा मी आहे’ एवढंही कळत नाही, हा जणू नाशच पावला, यात मला काही भलं दिसत नाही. प्रजापती त्याला आणखी 5 वर्षं राहायला सांगतो. आधीची 32 वर्षं तीनदा झालेली, म्हणजे एकूण 101. सुषुप्तीपाशी थांबायचं नाही, हे उपनिषद इतक्या ठसठशीतपणे सांगतं.

मुक्ता, ‘प्राज्ञ’ बद्दल. शंकराचार्यांच्या भाष्यात एक उलगडा असा आहे, की जागृतीत आणि स्वप्नात ज्ञानाबरोबर इतर विशेषही असतात, इथे मात्र निव्वळ ज्ञप्ती, म्हणजे नुसतं जाणणं, हेच याचं खास रूप आहे, म्हणून तो प्राज्ञ. उपनिषदात त्याला ‘प्रज्ञानघन’ही म्हटलं आहे. रात्रीच्या अंधारात सगळ्या वस्तू वेगळ्या न दिसता एकच घट्ट गोळा वाटतात, तसं. वस्तू नाहीशा झालेल्या नसतात, त्यांच्यातला भेद दिसत नाही. म्हणून ‘काही कळत नाही’पेक्षा ‘वेगवेगळं काही कळत नाही’ असं लिहा.

गौरी
माझ्या मनगटावरच्या घड्याळात रोज ‘डीप स्लीप’ जेमतेम पाऊण तास दाखवते. सुषुप्ती वाढवायला वेदान्तात काही उपाय आहे का?

सुलभा
गौरी, घड्याळ हालचाल आणि नाडीचे ठोके यांवरून अंदाज बांधतं. सुषुप्तीची व्याख्या झोपणाऱ्याच्या बाजूने केलेली आहे: इच्छा नाही, स्वप्न नाही. ती किती वेळ टिकावी याचं माप इथे दिलेलं नाही. झोप पुरत नसेल तर डॉक्टरांशी बोला, या ग्रंथांत त्याचा इलाज मिळणार नाही.

अनिकेत
माझं एक ऑपरेशन झालं तेव्हा पूर्ण भूल दिली होती. शुद्धीवर आलो तेव्हा मध्ये वेळ गेला हेच पटेना, जणू तेवढा तुकडा कापूनच टाकला होता. रोज सकाळी ‘छान झोप लागली’ असं वाटतं, तसं काहीच नव्हतं. स्वप्न नाही, इच्छाही नाही. मग ही सुषुप्तीच ना?

सुलभा
अनिकेत, फार नेमकं निरीक्षण. भूल त्या काळी नव्हती, पण मूर्च्छा होती, आणि ब्रह्मसूत्रांत (3.2.10) तिच्यासाठी वेगळं सूत्र आहे. मूर्च्छा ही जागृती नाही, स्वप्न नाही, मरणही नाही. मग सुषुप्ती का नाही? शंकराचार्य भाष्यात लक्षणं सांगतात. झोपलेल्याचा चेहरा प्रसन्न असतो, श्वास सारख्या अंतराने चालतो, डोळे मिटलेले असतात, अंग कापत नाही. मूर्च्छिताचा श्वास कधी बराच वेळ थांबतो, अंग थरथरतं, चेहरा भेसूर होतो, डोळे विस्फारलेले असतात. झोपलेला हाताने नुसता हलवला तरी उठतो, मूर्च्छित मुद्गराच्या घावानेही उठत नाही. कारणंही वेगळी: झोप थकव्याने येते, मूर्च्छा मुसळाच्या माराने वगैरे. म्हणून सूत्रकार तिला ‘अर्धसंपत्ती’ म्हणतात, म्हणजे निम्मीच एकरूपता.

भुलेच्या रुग्णाला यांतली सगळी लक्षणं लागू पडणार नाहीत. तो शांत दिसतो, डोळेही मिटलेले असतात. पण हलवून न उठणं आणि बाहेरून आलेलं कारण, या दोन कसोट्यांवर तो मूर्च्छेच्या बाजूला जातो, असं माझं मत.

हेमंत
न्यायशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला मुळातच हरकत आहे. ‘सुखाने झोपलो, काही कळलं नाही’ या सकाळच्या वाक्यावर वेदान्ती सगळा डोलारा उभा करतात. म्हणतात की ही आठवण आहे, आणि अनुभवाशिवाय आठवण नसते, म्हणून झोपेत अनुभव होता. पण हे अनुमान का नसावं? अंग हलकं वाटतं, त्यावरून झोप चांगली झाली असं ठरवतो. मधलं काही आठवत नाही, त्यावरून काही कळलं नव्हतं असं ठरवतो. साक्षी, म्हणजे झोपेतही सगळं पाहणारं चैतन्य, वगैरे मानायची गरजच काय?

सुलभा
‘आठवत नाही, म्हणून कळलं नव्हतं’ हे अनुमानाचं कारण टिकत नाही, हेमंत. रस्त्याने चालताना पायाला गवत लागतं, त्या क्षणी कळतं, संध्याकाळी आठवत नाही. आठवण नसली म्हणून ज्ञान नव्हतं असं म्हणता येत नाही.

हेमंत
मान्य. पण मग आठवणीसाठी संस्कार, म्हणजे ज्ञानाचा मागे राहिलेला ठसा, लागतो, आणि संस्कार उरायला आधीचं ज्ञान संपावं लागतं. तुमचा साक्षी तर कधीच संपत नाही. शिवाय योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात झोपेनंतरचे तीन प्रकार दिले आहेत. सुखाने झोपलो हा एकच त्यातला. ‘दुःखाने झोपलो, मन जड आहे’ हाही आहे आणि ‘अगदी मूढ होऊन झोपलो’ हाही. मग वेदान्ती म्हणतात तशी सुषुप्ती आनंदमयच कशी?

सुलभा
पहिल्या मुद्द्यावर ‘विवरण’ या अद्वैत ग्रंथाच्या कर्त्यांचं उत्तर असं, की झोपेत अंतःकरण लीन असलं तरी अविद्येच्या सूक्ष्म वृत्ती असतात. त्या जागं होताना संपतात आणि संस्कार ठेवून जातात. दुसऱ्या मुद्द्यावर एक लक्षात घ्या. योगमतात निद्रा ही चित्ताचीच वृत्ती आहे, म्हणून तिला तिन्ही गुणांच्या छटा येतात. वेदान्तात सुषुप्तीत चित्तच मावळलेलं असतं, मग दुःखाला जागा कुठली? ‘दुःखाने झोपलो’ म्हणणाऱ्याची झोप माझ्या मते पुरती सुषुप्ती नव्हतीच. तुम्हाला हे व्याख्येने पळवाट काढल्यासारखं वाटेल, आणि तो आक्षेप मी फेटाळत नाही.

हेमंत
तसंच वाटतं. आणि सगळे अद्वैतीही तुमच्या बाजूने नाहीत. शंकराचार्यांचे शिष्य सुरेश्वराचार्य यांनी बृहदारण्यक उपनिषदाच्या वार्तिकात ही स्मृती नव्हे असंच म्हटलं आहे.

सुलभा
हो, म्हटलं आहे. पण त्यांना तुमचं अनुमानही नको आहे.

मुक्ता
मी ‘स्वप्नही नसलेली झोप’ लिहून पुढे कंसाशिवाय सुषुप्ती हाच शब्द ठेवते आहे. ‘काही कळलं नाही’ या वाक्याला मी ‘आठवण’ म्हटलं होतं, ते सध्या खोडलं. सुरेश्वरांचं वार्तिक वाचल्यावर तिथे काय लिहायचं ते ठरवेन.