मदत हवी आहे : कबड्डी नोंदणीची कॅप्शन

इंदूर, चिमणबाग मैदान. खुला पुरुष गट, सामने 10 व 11 जानेवारी, प्रवेश शुल्क 1100 रुपये, संघात जास्तीत जास्त 12 खेळाडू, वजन 85 किलोपर्यंत. एवढं लिहून झालंय, अडलंय ते संघांच्या संख्येवर.

मैदान एकच. 16 संघ बाद पद्धतीने खेळले तर 15 सामने होतात: पहिल्या दिवशी 8, दुसऱ्या दिवशी 7. वीस-वीस मिनिटांचे डाव आणि मध्यंतर धरून सामन्याला तासभर लागतोच. पण 19 संघ आले तर 3 जादा सामने आणि 13 संघांना बाय. मग भांडणं ठरलेली!

‘पैसे भरलेले पहिले 16 संघ’ एवढं पुरेल का? आणि वजन दोन्ही दिवशी सकाळी घ्यायचं, हे नेमकं कसं लिहावं?