मदत हवी आहे: मान वाकलेली नसतानाही मानेच्या स्नायूंवरचा भार कसा वाढतो?

मिलिंद_सातारा

नमस्कार. मी एका पतसंस्थेत हिशेब विभागात काम करतो आणि दिवसाचा बहुतेक वेळ संगणकासमोर जातो. गेल्या काही महिन्यांपासून दुपारनंतर मानेच्या तळाशी आणि उजव्या खवाट्याच्या आतल्या कडेला एक सततची ठसठस सुरू होते, आणि घरी येऊन आडवे झाल्यावर ती बरीच कमी होते. डॉक्टरांनी तपासून गंभीर काही नसल्याचे सांगितले आणि व्यायामासाठी फिजिओथेरपीकडे पाठवले. तेथे भिंतीवर एक तक्ता लावलेला होता. मान जितके अंश खाली झुकेल तितके डोक्याचे वजन वाढते आणि साठ अंशांना ते सत्तावीस किलो होते, असे त्यावर लिहिले होते.

माझी अडचण अशी आहे की मी मान झुकवतच नाही. संगणकाचा पडदा डोळ्यांच्या समोर आहे, नजर सरळ आहे, चेहराही सरळ आहे. सहकाऱ्याने बाजूने काढलेल्या छायाचित्रात मात्र माझा कान खांद्याच्या बराच पुढे गेलेला दिसतो, म्हणजे डोके खाली न जाता केवळ पुढे सरकलेले आहे. अशा स्थितीत तो तक्ता मला लागू होतो का? आणि डोक्याचे वजन तेवढेच असताना स्नायूंचे काम नेमके कशामुळे वाढते? व्यायाम मी करीनच, पण कारण समजल्याशिवाय कोणती गोष्ट बदलावी हे मला ठरवता येत नाही.

रोहन_जिम

दादा, कारण सरळ आहे, मानेचे स्नायू कमकुवत झाले आहेत. डोके सत्तावीस किलोचे झाले की ते कोणाच्याही मानेला पेलणार नाही. डोक्याला पट्टा बांधून वजन उचलण्याचा व्यायाम सुरू करा, मला स्वतःला त्याचा खूप फायदा झाला आहे.

यंत्रशाळा

मी यांत्रिकी अभियंता आहे, वैद्यकातले मला कळत नाही, पण तरफेचे गणित कळते. कवटी पाठीच्या कण्याच्या सर्वांत वरच्या मणक्यावर टेकलेली असते आणि डोक्याचा गुरुत्वमध्य त्या टेकूच्या थोडा पुढे, साधारण कानाच्या आसपास येतो. त्यामुळे डोके कायम पुढे पडू पाहते आणि मागचे स्नायू त्याला मागे ओढून धरतात. बसमध्ये डुलकी लागलेल्या माणसाची हनुवटी छातीवर येते ती याचमुळे.

आता मिलिंदरावांच्या प्रश्नाकडे पाहू. चेहरा सरळ असेल, तर गुरुत्वमध्य आणि टेकू यांच्यातले आडवे अंतर बदलत नाही, कारण डोके पुढे सरकले तेव्हा टेकूही सोबत पुढे सरकला. अंतर तेच, वजन तेच, म्हणून डोक्याला पुढे पाडू पाहणारा फिरवण्याचा जोर, म्हणजे आघूर्णही तेच. माझ्या हिशेबाने त्यांच्या स्नायूंचे काम वाढलेलेच नाही आणि दुखण्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

सुनंदा_भौतिकोपचार

मी बरीच वर्षे फिजिओथेरपी शिकवली आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

यंत्रशाळा, आपले गणित त्या एका सांध्यापुरते बरोबर आहे. परंतु मानेत टेकू एकच नाही. मानेचे सात मणके आहेत आणि त्यांतील प्रत्येक सांध्यापाशी हाच प्रश्न नव्याने सोडवावा लागतो. मान पुढे झुकवल्यावर पाठीमागे ज्या मणक्याचा उंचवटा हाताला लागतो, तो बहुतेकांत सातवा असतो. डोके पुढे सरकते तेव्हा हा मणका फारसा जागचा हलत नाही. म्हणजे वरच्या टेकूपासूनचे अंतर तेच राहते, पण खालच्या टेकूपासूनचे अंतर डोके जितके सरकले तितके सगळेच वाढते.

आकडे घालून पाहू. डोके साडेचार किलोचे धरू. ताठ बसल्यावर त्याचा गुरुत्वमध्य सातव्या मणक्याच्या २ सेंटिमीटर पुढे आहे आणि मागचे स्नायू सांध्याच्या ४ सेंटिमीटर मागून ओढतात असे समजू. ही अंतरे माणसागणिक बदलतात, मी हिशेबाच्या सोयीसाठी जवळपासची घेतली आहेत. साडेचार गुणिले दोन म्हणजे नऊ, त्याला चारने भागले की सव्वादोन. म्हणजे स्नायूंना साधारण सव्वादोन किलो वजनाइतक्या जोराने ओढत राहावे लागते. आता डोके ५ सेंटिमीटर पुढे गेले, तर अंतर ७ झाले. साडेचार गुणिले सात म्हणजे साडेएकतीस, भागिले चार म्हणजे जवळजवळ आठ किलो. डोके तेवढेच, पण स्नायूंची ओढ साडेतीन पट झाली. सांध्यावर डोक्याचे वजन आणि स्नायूंची ओढ दोन्ही येत असल्यामुळे तेथील दाब पावणेसात किलोवरून साडेबारा किलोच्या घरात जातो.

तक्त्यातले सत्तावीस किलो हे डोक्याचे वजन नव्हे, तर असाच कण्यावर येणारा एकूण भार आहे. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली संगणकीय प्रतिमानातून ते आकडे काढले. ते माणसांच्या मानेत मोजलेले नाहीत, शिवाय ते मान झुकवण्याविषयी आहेत. मिलिंदराव, आपली स्थिती वेगळी असल्यामुळे तो तक्ता आपल्याला जसाच्या तसा लावू नये. रोहन, कमकुवतपणा असू शकतो, पण दिवसभर न थांबता चालणाऱ्या हलक्या ओढीचा प्रश्न केवळ ताकदीचा नसतो. स्नायू सतत आकसलेला राहिला की त्याच्या आतील रक्तप्रवाहाला मोकळीक मिळत नाही, आणि जड वजन उचलण्याच्या व्यायामाने ती मोकळीक मिळत नाही. दुखऱ्या मानेला पट्ट्याचे वजन तर आत्ता नकोच.

यंत्रशाळा

मान्य आहे. मी एकाच सांध्याचा विचार केला होता. मग वरचा सांधा या सगळ्यातून सुटला असे म्हणता येईल का?

सुनंदा_भौतिकोपचार

सुटला नाही, त्याची अडचण निराळी आहे. मानेचा खालचा भाग पुढे झुकला की चेहराही जमिनीकडे वळायला हवा. पण नजर समोर ठेवायची असते, म्हणून कवटी वरच्या मणक्यांवर मागे कलते आणि हनुवटी वर येते. कवटीच्या बुडाशी असलेले बारीक स्नायू अशा वेळी आखूड स्थितीत आकसून राहतात. पुष्कळांना त्यामुळे डोक्याच्या मागच्या भागात दुखते. खाली मोठे स्नायू लांबलेल्या स्थितीत ओढत आहेत आणि वर लहान स्नायू आखडलेले आहेत, असे दोन्ही एकाच वेळी चाललेले असते.

खवाट्याजवळच्या ठसठशीचेही यातून बरेचसे स्पष्टीकरण मिळते. खवाट्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यापासून निघून मानेच्या वरच्या मणक्यांना जोडलेला एक स्नायू डोके पुढे जाताना ताणला जातो. शिवाय मानेच्या खालच्या सांध्यांतील वेदना खवाट्यांच्या मध्ये जाणवणे ही नेहमी आढळणारी गोष्ट आहे, म्हणून जेथे दुखते तेथेच चोळून फारसा उपयोग होत नाही.

आता एक प्रश्न. आपण प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरता का?

वैशाली_के

मध्येच लिहिते त्याबद्दल क्षमस्व. माझीही मान दुखते आणि मी उशी बदलून पाहिली, तरी फरक पडला नाही. कोणती उशी चांगली ते सांगाल का? अलीकडे डाव्या हाताच्या दोन बोटांना मुंग्याही येतात आणि भरलेली पिशवी हातातून निसटते.

सुनंदा_भौतिकोपचार

वैशालीताई, उशीचा विचार नंतर करू. बोटांना मुंग्या येणे आणि पकड सैल होणे ही शीर दबल्याची लक्षणे असू शकतात, त्यामुळे याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवा. चालताना तोल जाऊ लागला किंवा लघवीवरचा ताबा कमी झाला, तर एक दिवसही थांबू नका. हा धागा स्नायूंच्या थकव्याविषयी आहे आणि आपला त्रास त्यात बसेल असे मला वाटत नाही.

मिलिंद_सातारा

सुनंदाताई, होय, दीड-दोन वर्षांपासून प्रोग्रेसिव्ह चष्माच आहे. त्याचा मानेशी संबंध असेल असे मनातही आले नव्हते.

सुनंदा_भौतिकोपचार

संबंध पुष्कळदा असतो. त्या काचेत लांबचे वरच्या भागातून दिसते आणि वाचनाचे अगदी खालच्या भागातून. संगणकाच्या अंतरासाठी मधला पट्टा असतो, तो अरुंद असतो आणि डोळ्याच्या सरळ रेषेच्या खाली येतो. पडदा डोळ्यांच्या उंचीवर ठेवला, तर त्या पट्ट्यातून पाहण्यासाठी माणूस नकळत हनुवटी उचलतो आणि अक्षरे स्पष्ट होईपर्यंत चेहरा पुढे नेतो. म्हणजे छायाचित्रात दिसणारी तीच स्थिती. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला ठेवावी हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला अशा चष्म्यासाठी चुकीचा ठरतो. पडदा खाली आणावा आणि वरची कड किंचित मागे कलती ठेवावी, किंवा नेत्रतज्ज्ञांना डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजून सांगावे आणि केवळ संगणकासाठी एकाच क्रमांकाचा वेगळा चष्मा करून घ्यावा.

कारण हेच आहे का, ते पाहण्याची सोपी रीत अशी की नेहमीच्या जागी बसून डोळे मिटावेत, डोके सहज स्थिरावू द्यावे आणि मग डोळे उघडून वाचायला लागावे. वाचू लागताच हनुवटी उचलली गेली, तर ती चष्मा आणि पडदा यांची जोडी आहे. डोळे मिटूनही डोके पुढेच राहिले, तर पाठीच्या वरच्या भागाचा बाक तपासावा लागेल, कारण त्या बाकावर उभी असलेली मान केवळ प्रयत्नाने मागे येत नाही.

व्यायामात सुरुवातीला पाठीवर झोपून, डोके न उचलता, हळूच होकार देतात तसे हनुवटी किंचित आत घ्यावी आणि दहा सेकंदांपर्यंत धरावी. गळ्याच्या दोन्ही बाजूंचे जाड स्नायू ताठ झाले, तर जोर जास्त लागतो आहे असे समजावे.

कऱ्हाडकर_एस

मला एक शंका आहे. माझ्या वडिलांचे डोके यापेक्षा कितीतरी पुढे आहे, पण त्यांनी आयुष्यात कधी मान दुखल्याची तक्रार केली नाही. मग भाराचे हे गणित बरोबर असले, तरी दुखण्याचे कारण तेच आहे असे कसे म्हणावे?

सुनंदा_भौतिकोपचार

तसे ठामपणे म्हणता येत नाही, हे मला मान्य आहे. डोके पुढे गेले की खालच्या मानेचे काम वाढते, ही यांत्रिकी आहे आणि तिच्याविषयी वाद नाही. त्या वाढलेल्या कामाचे दुखणे कोणाला होईल, हे मात्र झोप, मनावरचा ताण, बसण्यातील खंड आणि स्नायूंची सवय अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असते. मोठ्या माणसांच्या पाहण्यांत अशी स्थिती आणि मानदुखी यांचा संबंध आढळतो, पण आधी काय आणि नंतर काय हे त्यांतून ठरत नाही. दुखते म्हणूनही माणूस डोके पुढे धरू शकतो.

मिलिंद_सातारा

डोळे मिटून पाहिले. मिटल्यावर डोके बरेच मागे येते आणि खातेवही वाचू लागलो की हनुवटी लगेच वर जाते. पडद्याखालचा ठोकळा आजच काढला आहे. एक गोष्ट मात्र अजून कळलेली नाही. भार दोन्ही बाजूंना सारखाच असेल, तर दुखणे फक्त उजवीकडेच का?

सुनंदा_भौतिकोपचार

माऊस किती लांब ठेवता आणि हिशेबाचे कागद कोणत्या बाजूला असतात? बाजूने काढले तसे एक छायाचित्र मागूनही काढून घ्या, मग त्यावर बोलू.