लॅप जॉइंटमधलं 'टेअर-आउट': कर्तन म्हणावं का?

मृणाल: अभियांत्रिकीची टिपणं मराठीत लिहिते आहे. लॅप जॉइंटमध्ये, म्हणजे एकावर एक ठेवून बोल्टने जोडलेल्या दोन प्लेटींत, बोल्ट कापला जातो, त्या शिअरला मी 'कर्तन' लिहिलं. पण टेअर-आउटमध्ये बोल्टसमोरचा प्लेटचा तुकडा कडेतून बाहेर ढकलला जातो, तोही शिअरनेच सुटतो. दोन्हीकडे कर्तन लिहावं का? आणि बेअरिंगला काय?

सतीश: बेअरिंगला बेअरिंगच म्हणा. ग्रीस संपलं की आवाज येतो, तेच ना?

मृणाल: ते नव्हे हो. बोल्टचा दांडा भोकाच्या भिंतीवर दाबतो, ते.

वसंत: कर्तन दोन्हीकडे चालेल. हिशोब एकच, दोन पृष्ठं धरायची आणि भार भागायचा.

शुभदा: वसंतराव, दोन पृष्ठं प्लेटसाठी बरोबर, बोल्टसाठी नाही. साध्या लॅप जॉइंटमध्ये प्लेटी दोनच, त्यामुळे बोल्ट एकाच पातळीत कापला जातो. तिथे दोन धरलीत तर ताण निम्मा दिसेल आणि बोल्ट उगाच पास होईल.

समजा १६ मिमीचा एक बोल्ट, ६ मिमीच्या प्लेटी, १८ मिमीचं भोक, भोकाच्या मध्यापासून कड २४ मिमी आणि भार २५ किलोन्यूटन. दांड्याचं क्षेत्रफळ २०१ चौ.मिमी, म्हणून कर्तनताण १२४ मेगापास्कल. पण आटे नेमके त्या पातळीत आले तर क्षेत्रफळ १५७ उरतं आणि ताण १५९ होतो. हे बहुतेकजण विसरतात. बेअरिंगला १६ गुणिले ६, म्हणजे ९६ चौ.मिमी, आणि ताण २६०. आकडा सगळ्यांत मोठा आहे म्हणून तेच आधी मोडेल असं नाही, कारण दाबाची मर्यादाही कर्तनापेक्षा बरीच जास्त असते.

टेअर-आउटला लांबी भोकाच्या कडेपासून मोजायची: २४ वजा ९, म्हणजे १५. दोन पृष्ठांचे १८० चौ.मिमी, ताण १३९. मध्यापासून मोजली तर ८७ येतो. तो फसवा.

रोहिणी: आमच्या पातळ पत्र्याच्या गार्डचं भोक लांबट झालं होतं, बोल्टला ओरखडासुद्धा नव्हता. म्हणजे टेअर-आउट का?

शुभदा: कड शाबूत असेल तर बेअरिंग. धातू भोकापुढे गोळा होऊन फुगलेला दिसेल. टेअर-आउटमध्ये कडेतून तुकडाच निघतो. बोल्ट कापला गेला असेल तर दोन प्लेटींच्या सीमेवर सपाट तुटलेला सापडतो.

मृणाल: मग 'बोल्टचं कर्तन', 'भोकाचं चेपणं' आणि 'कड फाटणं' असं लिहिते.

वसंत: 'फाटणं' मला पटत नाही. भोकातून आडवी प्लेट ताणाने तुटते, लोक त्यालाही फाटली म्हणतात. 'कडेचं कर्तन' लिहा.

शुभदा: आडव्या तुटण्याची तपासणी वेगळी, हा मुद्दा खरा. पण 'कडेचं कर्तन' वाचून कोणी कात्रीने पत्रा कापायला घेईल.