प्र: पाठलाग वाचताना कोण कुठंय तेच कळत नाही

"मंडई ते नदी पाठलाग लिहिलाय, गल्ल्यांची नावं दिलीत, तरी वाचणारे म्हणतात कोण कुठंय कळत नाही आणि मधेच कंटाळा येतो."

अरे, गल्ल्यांची नावं कमीच कर, पुण्याबाहेरच्याला त्याचा काय उपयोग. दोनच खुणा धर, मागे मंडईचा मनोरा आणि पुढे नदी, मग प्रत्येक वळणावर नायिका नदीकडे चाललीय की उलटी हे अर्ध्या वाक्यात आलं की झालं. आणि भिडे पूल पाण्याखाली गेलाय हे शेवटी नको, पळापळ सुरू व्हायच्या आधीच चहावाल्याच्या तोंडी टाक, खडकवासल्यातनं पाणी सोडलंय म्हणून. तिचं लक्ष नाही पण वाचकाने ऐकलंय, मग ती नदीकडे वळली की तो आपोआप टेन्शनमध्ये.

कंटाळा येतो कारण तुझा गुंड तीनदा हुकतो आणि दोघंही जिथल्या तिथे. दरवेळी तिचं काहीतरी जाऊदे, तुळशीबागेच्या गर्दीत स्कूटर सोडावी लागली, मग मोबाईल पडला, आणि अंतर शंभर पावलांवरून त्याच्या चपलांचा आवाज येण्याइतकं. नवीन गुंड आणू नकोस प्लीज :) पुलाशी पोचेपर्यंत झेड ब्रिजच्या जिन्याकडे मागे वळणं एवढंच उरलं पाहिजे, आणि तिथे तो उभा.