प्रतिसाद: वाक्याच्या टोकाला गेलेला उपसर्ग

> ‘जर्मन क्रियापदाचा अर्धा भाग वाक्याच्या शेवटी येतो, तर मराठी वाक्य कुठून बांधायला घ्यायचे?’

माझ्या मते शेवटापासून. ‘एर झाग्टं झायनं टाइलनामं आन डेर झिट्सुंग आप’ हे जर्मन वाक्य पाहा. दुसऱ्या स्थानावरच्या ‘झाग्टं’वरून काळ आणि पुरुष तेवढे कळतात, ‘म्हणाला’ असा अर्थ तिथेच धरला, तर पुढचे सारे वाक्य फसते. शेवटचा ‘आप’ हा उपसर्ग त्याला जोडला की मूळ क्रियापद ‘आपझागन’ ठरते आणि मराठीत ‘त्याने बैठकीला यायचे रद्द केले’ असे होते. त्याच जागी ‘त्सू’ असता, तर ‘त्याने बैठकीला यायचे कबूल केले’ असे झाले असते. मधला ‘आन’ मात्र फसवा आहे: त्याच्यामागोमाग ‘डेर झिट्सुंग’ येत असल्याने तो शब्दयोगी आहे, उपसर्ग नव्हे.

उपसर्ग नेहमी अगदी टोकालाच असतो असेही नाही. ‘इश रूफं डिश आन, झोबाल्ट इश इन बर्लिन बिन’ यात ‘आन’ हा ‘रूफं’चा उपसर्गच आहे, पण त्याच्यानंतर गौणवाक्य येते. मराठीत तेच आधी घ्यावे, म्हणजे ‘बर्लिनला पोहोचलो की तुला फोन करीन’ असे वाक्य सहज उतरते.