विषय: सासऱ्यांच्या निधनाचा निरोप, आजच पाठवायचा आहे, कोणीतरी नजर टाका

मुग्धा, मंगळवार ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

नमस्कार मंडळी. केदारचे बाबा गेले. तो रात्रीच्या विमानाने निघतोय, नातेवाइकांना कळवायचं काम माझ्याकडे आलं आहे. तीन व्हॉट्सॲप ग्रुप आहेत: त्यांच्याकडचा, माझ्या माहेरचा आणि सोसायटीचा. खालचा मजकूर तिन्हीकडे टाकू का?

"कळवण्यास अत्यंत दुःख होते की बाबा आज दुपारी गेले. अंत्यविधी परवा सकाळी वैकुंठात. दहावा ओंकारेश्वरला. केदार निघाला आहे. कृपया सर्वांना कळवावे."

वसंतकाका, ६:४०

मुग्धा, वाईट झालं. केदारला सांग, इकडची काळजी करू नकोस.

मजकूर टाकू नकोस, थांब. पुण्यात ते रात्री सव्वादोनला गेले, म्हणजे तिथे बुधवार, १२ तारीख. आपल्याकडे अमेरिकेत तेव्हा मंगळवारचे पावणेचार वाजले होते, म्हणून तू "आज दुपारी" लिहिलंस. हाच निरोप पुण्यात बुधवारी सकाळी वाचला जाईल. वाचणाऱ्याला वाटेल बाबा बुधवारी दुपारी जाणार आहेत, आणि "परवा" म्हणजे शुक्रवार. अंत्यविधी तर गुरुवारी आहे. साताऱ्याहून निघणारा माणूस एक दिवस उशिरा पोचेल. आज, उद्या, परवा हे तिन्ही शब्द काढून टाक. वार, तारीख, वेळ, आणि पुढे "भारतीय वेळ" असं लिही.

दुसरं, "बाबा". तुझ्या फोनवरून "बाबा गेले" असं माहेरच्या ग्रुपवर गेलं, तर अर्धे लोक तुझ्या आईला फोन करतील. पूर्ण नाव, वय, आणि "माझे सासरे, केदारचे वडील" इतकं लिहायचंच. सोसायटीत त्यांना आडनावाने ओळखतात, तिथे फ्लॅट नंबरही घाल.

नीलिमा, ६:५५

मुग्धा, मनापासून सांत्वन. मात्र मंडळाच्या यादीवर निधनाची बातमी सचिवांमार्फतच जावी, असं गेल्या वर्षीच्या प्रकारानंतर ठरलं होतं, ते सर्वांना ठाऊक आहे. ठरलेला नमुना माझ्याकडे आहे, पाठवते.

शिरीष, ७:०५

नमुना राहू दे नीलिमा, ती नातेवाइकांचा निरोप विचारतेय, मंडळाचा नाही.

मुग्धा, दहावा "ओंकारेश्वरला" एवढंच लिहून भागणार नाही, तारीख दे. दिवस अग्नी दिल्यापासून मोजतात. गुरुवार १३ ला दहन, म्हणजे दहावा शनिवारी २२ ला. सुट्टीचा वार आहे, लोकांनाही सोयीचं.

वसंतकाका, ७:२५

शिरीष, दहनापासून मोजणं अग्निहोत्र असलेल्यांसाठी आहे. बाकीच्यांचे दिवस मृत्यूपासून धरतात. मुलाची वाट बघत पार्थिव एक दिवस शवागारात ठेवलं म्हणून दहावा पुढे सरकत नाही. शनिवार डोक्यातून काढून टाका.

खरा पेच वेगळा आहे. सव्वादोन म्हणजे मध्यरात्र उलटलेली, पण सूर्योदय व्हायचा. आपला वार सूर्योदयाला बदलतो. तो धरला तर मंगळवार पहिला आणि दहावा गुरुवारी, २० ला. मध्यरात्र धरली तर बुधवार पहिला आणि दहावा शुक्रवारी, २१ ला. रात्रीचे तीन भाग करून पहिले दोन आदल्या दिवसात धरण्याचंही एक मत आहे, त्यात तर सव्वादोन अगदी सीमेवर येतात. शास्त्रात तिन्ही आहेत, ज्या घराची जी रीत. हे आपण इथे बसून ठरवायचं नाही, त्यांच्या गुरुजींना विचारायचं. म्हणून पहिल्या निरोपात दहाव्याचा उल्लेखच नको.

मुग्धा, ७:३५

काका, पण लोक लगेच विचारणारच. नाशिकच्या आत्या रजेसाठी विचारतील, त्यांचे जावई बँकेत आहेत.

वसंतकाका, ७:५०

विचारू देत. "पुढील विधींच्या तारखा गुरुवारी संध्याकाळी कळवू" असं एक वाक्य घाल, म्हणजे फोन येणार नाहीत.

निरोप फॉरवर्ड झाला की तो तुझ्या हातात राहत नाही. व्हॉट्सॲपवर तुला पंधरा मिनिटं दुरुस्ती करता येते, पण पुढे गेलेल्या प्रती बदलत नाहीत. आज "दहावा २१ ला" लिहिलंस आणि गुरुजींनी २० सांगितली, तर चुलत-मावस मंडळींकडे २१ च फिरत राहील आणि ते शुक्रवारी रिकाम्या घाटावर उभे राहतील. म्हणून नक्की असेल तेवढंच लिहायचं. दोन निरोप करायचे आणि प्रत्येकाच्या डोक्यावर "निरोप १", "निरोप २" आणि पाठवल्याची वेळ टाकायची. कुठला ताजा, ते कळतं.

आणि आत्यांना निरोपाने कळवू नकोस, फोन कर. बाबांची सख्खी भावंडं, त्यांचे अगदी जवळचे एक-दोन मित्र, यांना आधी आवाजाने कळलं पाहिजे. आत्या एकट्या राहत असतील तर शेजारी किंवा जावई घरात असताना कर. ते झाल्यावरच ग्रुप.

अनघा, ८:०५

शनिवारचा दिवाळी फराळ मग रद्द समजायचा का? हॉलचं भाडं भरलंय, आणि चकल्या माझ्याकडे आहेत.

नीलिमा, ८:१०

अनघा, रद्द नाही. सुरुवातीला दोन मिनिटं श्रद्धांजली होईल. कार्यक्रमाविषयी वेगळा धागा काढावा, ही विनंती.

अनिता, ८:२०

आमच्याकडे सासूबाईंचं देहदान होतं. निरोपात फक्त "निधन झाले" लिहिलं गेलं, अंत्यविधी नाही असं कुणी लिहिलंच नाही. दहा-बारा लोक वैकुंठात जाऊन विचारत बसले. मुग्धा, तुमच्याकडे नेत्रदान वगैरे आहे का? डोळे सहा तासांच्या आत घ्यावे लागतात.

मुग्धा, ८:३०

नेत्रदान झालं, अनिताताई. शेजाऱ्यांनी पहाटेच फोन केला होता. देहदान नाही.

हेमंत (पुण्याहून), बुधवार १२, सकाळी ७:२०, भारतीय वेळ

मुग्धा वहिनी, मी काकूंकडेच आहे. इथली बाजू सांगतो.

पार्थिव घरी नाही, गुरुवारी सकाळी साडेसातला शवागारातून आणणार. आज जो येईल त्याला अंत्यदर्शन मिळणार नाही, हे स्पष्ट लिहा, नाहीतर सगळे आजच येतील. घरातून ८:४५ ला निघू, वैकुंठात ९:३०. या दोन्ही वेळा वेगवेगळ्या लिहा. नुसतं "वैकुंठ ९:३०" लिहिलं तर घरी दर्शन घेऊ इच्छिणारी म्हातारी माणसं तिकडे जातात, आणि नुसतं घर लिहिलं तर लांबून येणारे कर्वेनगरला पोचेपर्यंत आपण निघालेले असतो.

केदार मुंबईला आज रात्री साडेदहाच्या सुमारास उतरेल, गाडी पाठवली आहे. विमानाला उशीर झाला तरी थांबायचं ठरलंय. तेव्हा "वेळेत बदल झाल्यास याच ग्रुपवर कळवू" हे घाला.

काकूंचा नंबर देऊ नका. माझा आणि माझ्या बायकोचा द्या. तुमच्याकडच्या लोकांनी भारतीय वेळेने संध्याकाळी ५ ते ८ मध्ये करावा, तुमच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे साडेसहा ते साडेनऊ असतात. काल रात्री तीनला दोन फोन आले होते, काकू नुकत्याच आडव्या झाल्या होत्या.

वसंतकाका, मंगळवार, रात्री ९:१५

हेमंतचं बरोबर आहे. हा घे पहिला निरोप, नावं तू भर:

"निरोप १ (बुधवार, १२ नोव्हें., स. ८:००, भारतीय वेळ)
माझे सासरे, केदारचे वडील श्री. ___ (वय ८४) यांचे बुधवार, १२ नोव्हेंबर रोजी पहाटे २:१५ वाजता पुण्यात वृद्धापकाळाने निधन झाले.
अंत्यदर्शन: गुरुवार, १३ नोव्हेंबर, स. ७:४५ ते ८:४५, राहत्या घरी, कर्वेनगर. बुधवारी पार्थिव घरी नाही.
अंत्यसंस्कार: त्याच दिवशी स. ९:३०, वैकुंठ स्मशानभूमी, नवी पेठ. बदल झाल्यास येथेच कळवू.
पुढील विधी व भेटीच्या वेळा गुरुवारी संध्याकाळी कळवू.
संपर्क: हेमंत ___. आईंना कृपया फोन करू नये."

"कळवण्यास अत्यंत दुःख होते" काढलं आहे. फोनच्या सूचनेत पहिल्या दोनच ओळी दिसतात, त्यात नाव आणि वेळ आली पाहिजे.

शिरीष, ९:३०

"पहाटे २:१५" नको काका, "रात्री २:१५" लिहा. पहाट म्हणजे चार-साडेचारनंतर.

वसंतकाका, ९:४०

"मध्यरात्रीनंतर २:१५" कर, तारीख शेजारी आहेच. मृत्यूच्या दाखल्यावर १२ तारीखच येईल, निरोपातही तीच राहू दे. दहाव्याचा हिशेब काहीही ठरो.

हेमंत (पुण्याहून), गुरुवार १३, सायंकाळी ६:१५, भारतीय वेळ

सगळं नीट पार पडलं. केदार पहाटे साडेतीनला पोचला. आता दुसऱ्या निरोपासाठी.

गुरुजींनी विचारलं, घरात आधी कसं मोजलं होतं? काकूंना आठवलं, आजोबाही रात्रीच गेले होते आणि तेव्हा सूर्योदय धरला होता. तेव्हा दहावा गुरुवार, २० नोव्हेंबर. आत्यांचे दीर मात्र शुक्रवारच म्हणतात आणि त्यांनी नाशिकच्या ग्रुपवर तसं लिहूनही टाकलं आहे. म्हणून निरोपात "दहावा" आणि "गुरुवार, २० नोव्हेंबर" दोन्ही लिहा, आणि "घरच्या गुरुजींनी ठरवल्याप्रमाणे" असंही.

ओंकारेश्वर, शनिवार पेठ असं पूर्ण लिहा. दशक्रिया वैकुंठाच्या घाटावरही होते, अंत्यविधीला आलेले लोक सवयीने तिकडेच जातात. विधी ८ ला सुरू. पिंड ठेवण्याची वेळ साधारण साडेनऊची, फक्त नमस्काराला येणाऱ्यांना तीच द्या. कावळा लगेच शिवेल असं नाही. गुरुजी तासभर बघून दर्भाचा कावळा करतील, तेव्हा "११ पर्यंत" धरा. गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षाने यावं.

तेराव्याला, रविवारी २३ ला, घरचेच. "वेगळे आमंत्रण नाही" अशी ओळ नेहमी घालतात, तिचा अर्थ "सगळ्यांनी या" असा होतो. ती घालू नका. "कुटुंबापुरते" लिहा.

मुग्धा, गुरुवार १३, सकाळी ८:५०

हेमंतभावजी, भेटीच्या वेळा?

हेमंत (पुण्याहून), सायंकाळी ७:४०, भारतीय वेळ

शुक्रवार १४ ते बुधवार १९, रोज ५ ते ७. दुपारी १ ते ४ काकू झोपतात, हे पुण्यात सांगावं लागत नाही, पण मुंबईकरांना लिहा. लिफ्ट बंद आहे, तिसरा मजला, तेही लिहा, गुडघेवाल्यांनी फोनवर बोललं तरी चालेल. डबे कृपया माझ्या बायकोला विचारून आणावेत, काल पाच घरांतून पिठलं-भात आला.

शिरीष, सकाळी ९:२०

सूर्योदय धरायचा तर तिथीही आदल्या दिवसाची लागेल ना? वर्षश्राद्धाला परत घोळ.

वसंतकाका, ९:३५

तिथी पंचांगातली, सव्वादोनला जी चालू होती ती. दिवस मोजण्याशी तिची सांगड घालू नकोस. गुरुजींकडून आत्ताच लिहून घ्या, केदार तिथे आहे तोवर.

नीलिमा, ९:४०

मंडळाचा शोकसंदेश तयार आहे. त्यात दहाव्याची तारीख गुरुवार घालू की शुक्रवार? नाशिकच्या एका सभासदांनी मला शुक्रवार कळवला आहे.

मुग्धा, ९:४५

नीलिमाताई, गुरुवार, २०. आणि ते सभासद कोण, मला कळवा, मी आत्यांना फोन करते.